कॉल विकलाय, मग हाताशी शेअर किती ठेवायचे?

समजा तुम्ही एका शेअरचे कॉल ऑप्शन विकलेत, म्हणजे ठरल्या भावाने तो शेअर घ्यायचा हक्क दुसऱ्याला दिलात. शेअरची किंमत १००, ठरलेला भाव म्हणजे स्ट्राइकही १००, मुदत तीन महिने, आणि एकूण १००० शेअरइतके कॉल. चलन कोणतंही धरा, हिशेब बदलत नाही. शेअरची वार्षिक अस्थिरता ३० टक्के धरू. व्याज शून्य आणि डिव्हिडंड नाही असंही मानू, म्हणजे मूळ मुद्दा आकड्यांत हरवणार नाही. ब्लॅक आणि शोल्स यांच्या १९७३ सालच्या सूत्राने या कॉलची किंमत येते साधारण ५.९८. म्हणजे विकताना तुमच्या हातात ५९७९ प्रीमियम आला. शेअर चढला तर घेणारा १०० ला मागेल आणि द्यायचे तुम्हाला. मग प्रश्न असा की या जबाबदारीपोटी आत्ता किती शेअर घेऊन ठेवायचे?

पहिलं उत्तर शून्य. प्रीमियम घ्या आणि शेअर चढू नये म्हणून देव पाण्यात ठेवा. शेअर उद्याच १०५ झाला तर त्या कॉलची किंमत ८.९५ होते, म्हणजे २९७० चा फटका. दुसरं उत्तर १०००: मागतील तेवढे आधीच घेऊन ठेवायचे. हे सुरक्षित वाटतं, पण ते फक्त वरच्या बाजूला. शेअर ९५ वर आला तर शेअरवर ५००० जातात, कॉलवर २३१३ सुटतात, आणि २६८७ चं नुकसान तसंच राहतं. पहिल्या उत्तरात तुम्ही शेअर पडण्यावर पैज लावलीत, दुसऱ्यात न पडण्यावर. दोन्हीकडे पैज आहेच; हेज, म्हणजे दोन्ही बाजूंनी संरक्षण, कुठेच नाही.

तिसरं उत्तर बऱ्याच जणांना आपणहून सुचतं. शेअर १०० च्या वर गेला की १००० घ्यायचे, खाली आला की सगळे विकायचे. म्हणजे मुदत संपताना शेअर स्ट्राइकच्या वर असेल तर हातात असतील, नसेल तर नसतील. कागदावर हे फुकट दिसतं. पण बरोबर १०० ला व्यवहार कधीच होत नाही. शेअर वर चाललाय हे कळेपर्यंत तो १००.२० झालेला असतो आणि परत फिरलाय हे कळेपर्यंत ९९.८०. एका फेरीत १००० शेअरवर ४०० गेले. आणि जो शेअर १०० च्या आसपास घुटमळतो तो अशा किती फेऱ्या मारेल याला काही मर्यादा नाही.

आता डेल्टा. शेअर थोडासा हलला तर कॉलची किंमत त्याच्या किती पट हलते, ते प्रमाण म्हणजे डेल्टा. आपल्या कॉलचा डेल्टा आज ०.५३ आहे. शेअर १ ने वाढला की कॉल साधारण ०.५३ ने वाढतो. तुम्ही १००० विकलेत, म्हणून तुम्हाला ५३० चा तोटा. हातात ५३० शेअर असतील तर त्यांच्यावर ५३० चा फायदा. वजाबाकी शून्य. शेअर १ ने उतरला तरी हेच, चिन्हं उलटी. म्हणून आजच्या घडीला उत्तर आहे ५३० शेअर. त्यासाठी ५३,००० लागतील. ५९७९ प्रीमियमचे आलेत, उरलेले ४७,००० कुठून तरी उभे करायचे. व्याज शून्य धरलंय म्हणून ते इथे दिसत नाही, पण प्रत्यक्षात त्या उसन्या पैशांचं व्याज कॉलच्या किमतीत आधीच मिसळलेलं असतं.

इथे बरेच लेख थांबतात. खरी गंमत पुढे आहे, कारण ‘थोडासा हलला तर’ या अटीवर सगळं उभं आहे. शेअर थोडासा न हलता पाचाने हलला तर काय होतं ते पाहू.

शेअर १०५ झाला. ५३० शेअरवर फायदा २६५०. कॉल ५.९८ वरून ८.९५ वर गेला, म्हणजे तोटा २९७०. निव्वळ तोटा ३२०. बरं, वर जाण्याऐवजी शेअर ९५ वर आला असता तर? शेअरवर तोटा २६५०, कॉल ३.६७ वर घसरला म्हणून फायदा २३१३. निव्वळ तोटा ३३७. म्हणजे वर गेला तरी तोटा, खाली आला तरी तोटा. दिशेची पैज तर आपण पुसून टाकली होती. मग हा तोटा कुठून आला?

डेल्टा एका जागी थांबत नाही, तिथून आला. शेअर चढत गेला तसा कॉलचा डेल्टाही चढला. १०५ वर तो ०.६५६ आहे. म्हणजे वाटेत कॉल शेअरच्या मागे अधिकाधिक जोराने धावत होता आणि तुमचे ५३० शेअर तेवढेच राहिले. उतरताना उलट. कॉल सुस्तावत गेला, ९५ वर डेल्टा ०.३९५ झाला, आणि तुमचे ५३० शेअर मात्र पूर्ण वेगाने पडत राहिले. शेअर १ ने हलला की डेल्टा किती हलतो, तो आकडा म्हणजे गॅमा. आपल्या कॉलचा गॅमा ०.०२६५. एक हजार कॉलसाठी म्हणायचं तर शेअर १ ने हलला की हवे असलेले शेअर साधारण साडेसव्वीसने बदलतात.

ऑप्शन विकणाऱ्याचा गॅमा नेहमी ऋण असतो, आणि त्याचा तोटा मोजायची सोपी रीत म्हणजे गॅमाचा निम्मा गुणिले हालचालीचा वर्ग. इथे २६.५ चा निम्मा म्हणजे १३.२५, पाचाचा वर्ग २५, गुणाकार साधारण ३३१. वर आपल्याला ३२० आणि ३३७ मिळाले, म्हणजे अंदाज चांगलाच जवळ आला. या सूत्रातली लक्ष देण्याची जागा म्हणजे तो वर्ग. शेअर दुप्पट हलला तर तोटा चौपट. आणि वर्ग असल्यामुळेच दिशा कोणती याला काही अर्थ उरत नाही.

१०५ वर गेल्यावर शहाणा माणूस हेज नीट करतो: आता ६५६ शेअर हवेत, म्हणून १२६ आणखी घेतो, १०५ च्या भावाने. दुसऱ्या दिवशी शेअर परत १०० वर आला. पुन्हा ५३० च हवेत, म्हणून ते १२६ विकतो, १०० च्या भावाने. एका फेरीत ६३० गेले आणि शेअर होता तिथेच आहे. शॉर्ट गॅमाची हीच व्यथा. नियम पाळला तर दरवेळी महाग घ्यायचं आणि स्वस्तात विकायचं. नियम न पाळता ‘परत येईल की’ म्हणून बसलात आणि शेअर खरंच परत आला, तर ते ६३० वाचतात. मात्र तो १०५ वरून ११० ला गेला तर हेज केलेल्यापेक्षा बरंच जास्त जातं. १९ ऑक्टोबर १९८७ ला डाऊ जोन्स निर्देशांक एका दिवसात २२.६ टक्के पडला. तेव्हा ‘पोर्टफोलिओ इन्शुरन्स’ म्हणून ओळखले जाणारे कार्यक्रम हाच खेळ मोठ्या प्रमाणावर खेळत होते: बाजार पडला की विका, आणखी पडला की आणखी विका. एकट्याने केलं तर हेज. सगळ्यांनी एकाच दिवशी केलं तर घेणारा सापडत नाही.

मग कॉल विकणारा वेडा आहे का? नाही. या तोट्याची भरपाई त्याला रोज मिळत असते, फक्त गाजावाजा न करता. दिवस सरतो तसा कॉल स्वस्त होतो. या घसरणीला थीटा म्हणतात. वर्षात बाजाराचे २५२ दिवस धरले तर आपल्या १००० कॉलवर पहिल्या दिवशी साधारण ४७ सुटतात. म्हणजे सौदा असा: रोज ४७ घ्या, आणि शेअरच्या हालचालीच्या वर्गाला १३.२५ ने गुणून तेवढे द्या. दोन्ही बाजू जुळतात ती हालचाल १.८९. शेअर दिवसात १.८९ पेक्षा कमी हलला तर विकणारा त्या दिवशी पुढे, जास्त हलला तर मागे. हा १.८९ आकाशातून पडलेला नाही. वार्षिक ३० टक्क्यांना २५२ च्या वर्गमुळाने भागा, १.८९ टक्केच येतात. म्हणजे डेल्टा हेज केलेला शॉर्ट कॉल ही शेअर वर जाईल की खाली याची पैज राहत नाही. कॉल विकताना ज्या अस्थिरतेचा भाव लावला त्यापेक्षा शेअर प्रत्यक्षात शांत राहील, एवढीच पैज उरते. ‘मी कॉलमध्ये नेमकं काय विकलं?’ याचं माझ्या लेखी हेच एकमेव सरळ उत्तर आहे.

रोजच्या लहानसहान हालचालींचं असं भागून जातं. झोप उडवतो तो एकदम आलेला धक्का. बाजार बंद असताना काही बातमी आली आणि शेअर थेट १२० वर उघडला, तर मधल्या भावांना शेअर घ्यायची संधीच मिळत नाही. कॉल २०.८९ चा होतो, तुमचे ५३० शेअर १०,६०० देतात, आणि निव्वळ ४३१३ जातात. घेतलेल्या प्रीमियमचा जवळजवळ तीन-चतुर्थांश हिस्सा एका रात्रीत. ८० वर उघडला तर ५०२५ जातात. डेल्टा हेज कितीही वेळा करा, अशा उडीपुढे त्याचा उपयोग नाही.

यावर उपाय गॅमाचाच, पण तो शेअर घेऊन होत नाही. शेअरचा डेल्टा कायम १ असतो, शेअर कुठेही असो. तो बदलतच नाही, म्हणून शेअरचा गॅमा शून्य. ५३० च्या जागी ७०० घ्या नाहीतर ३०० घ्या, गॅमा तसूभरही कमी होणार नाही. फक्त दिशेची पैज नव्याने लागेल. गॅमा हवा असेल तर ज्याची किंमत वाकडी चालते असं काहीतरी घ्यावं लागतं, म्हणजे दुसरा ऑप्शन. यातूनच कामाचा क्रम ठरतो: आधी ऑप्शन घेऊन गॅमा शून्य करा, मग उरलेला डेल्टा शेअरने. उलट क्रमाने गेलात तर ऑप्शन घेताना नवा डेल्टा येतो आणि शेअरचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

समजा त्याच मुदतीचा, ११० स्ट्राइकचा कॉल बाजारात २.५० ला मिळतोय. त्याचा डेल्टा ०.२८८ आणि गॅमा ०.०२२७. आपल्याला २६.५ इतका गॅमा भरून काढायचाय, तर हे कॉल हवेत १००० × ०.०२६५२ ÷ ०.०२२७३, म्हणजे ११६७. ते घेतले की गॅमा शून्य. पण घेतलेल्या ११६७ कॉलबरोबर धन डेल्टाही आला, ११६७ × ०.२८८, साधारण ३३६. विकलेल्या कॉलसाठी ५३० हवे होते, त्यातले ३३६ इतक्यांचं काम हे कॉल करणार. उरले १९४ शेअर. सूत्रात मांडायचं तर:

```
n    = N × Γ1 / Γ2
शेअर = N × Δ1 − n × Δ2
```

N म्हणजे विकलेले कॉल, n म्हणजे घ्यायचे ऑप्शन, Δ म्हणजे डेल्टा आणि Γ म्हणजे गॅमा. १ हा आकडा विकलेल्याचा आणि २ घेतलेल्याचा. उत्तर ऋण आलं तर तेवढे शेअर शॉर्ट करायचे, म्हणजे उसने घेऊन विकायचे, घाबरायचं कारण नाही.

आता तीच परीक्षा. शेअर १०५ झाला: विकलेल्या कॉलवर तोटा २९७०, घेतलेले कॉल २.५० वरून ४.२३ वर जाऊन २०२२ देतात, १९४ शेअर ९७० देतात. बेरीज: २२ चा फायदा. ९५ वर: साधारण २२ चा तोटा. आधी हेच आकडे ३२० आणि ३३७ तोट्याचे होते. शिवाय १०५ वर गेल्यावर शेअरचा हिशेब पुन्हा केला तर फक्त १३-१४ शेअर विकायचे निघतात. आधी १२६ घ्यावे लागत होते. गॅमा हेजचा रोजचा फायदा हाच: सारखी खरेदी-विक्री करावी लागत नाही आणि दलाली वाचते.

मोठी उडी? १२० वर उघडला तर १२१७ चा फायदा, कारण त्या उंचीवर संख्येने जास्त असलेले ११० चे कॉल भारी पडतात. ८० वर मात्र ११२३ चा तोटा आहेच. ५०२५ पेक्षा तो खूप कमी, पण शून्य नाही. कारण गॅमा आपण १०० या भावाला शून्य केलाय, सगळ्या भावांना नाही. शेअर ८० च्या दिशेने जाताना दोन्ही कॉलचे गॅमा वेगवेगळ्या गतीने कमी होतात, आणि ११० चा आधी संपतो, कारण तो मुळातच लांब आहे. खालच्या उडीचीच भीती असेल तर ११० च्या कॉलऐवजी ९० स्ट्राइकच्या आसपासचं काहीतरी घेणं जास्त कामाचं.

एक प्रश्न नेहमी येतो: कॉलच्या जागी पुट, म्हणजे ठरल्या भावाने शेअर विकायचा हक्क, घेतले तर? त्याच स्ट्राइकच्या आणि मुदतीच्या पुटचा गॅमा कॉलइतकाच असतो, म्हणून संख्या तीच, ११६७. पण पुटचा डेल्टा ऋण, वजा ०.७१२. म्हणून ११६७ पुटमुळे वजा ८३१ डेल्टा येतो, आणि शेअर हवेत ५३० अधिक ८३१, म्हणजे १३६१! एका मार्गाने १९४, दुसऱ्याने १३६१, आणि दोन्ही बरोबर. फरक काढा: १३६१ वजा १९४ म्हणजे नेमके ११६७. पुट आणि शेअर मिळून कॉल तयार होतो, एवढंच त्याचं रहस्य. नफा-तोटा दोन्हीकडे सारखाच. फक्त पुटच्या मार्गाने पैसा फार अडकतो, कारण हा पुट १२.५० चा आहे आणि वर हजाराहून जास्त शेअर जादा घ्यायचे. म्हणून ‘अमुक इतके शेअर ठेवा’ असं कोणी सांगितलं तर त्याने गॅमा कशाने भरलाय हे आधी विचारायचं. त्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

आता किंमत. ११६७ कॉल २.५० ने घेतले, म्हणजे २९१८ गेले. मिळालेल्या ५९७९ पैकी निम्मा प्रीमियम. आणि याहून मोठी गोष्ट म्हणजे व्याज शून्य असताना आणि दोन्ही ऑप्शनना एकच अस्थिरता लावलेली असताना थीटा गॅमाच्या अगदी प्रमाणात असतो. गॅमा शून्य केला की रोजचे ४७ सुद्धा शून्य. शेअर हलण्याची शिक्षा गेली आणि न हलण्याचं बक्षीसही गेलं. पूर्ण गॅमा हेज केलेला माणूस ज्यासाठी कॉल विकायला आला होता तेच परत देऊन बसलेला असतो. फायदा उरतो तो एकाच परिस्थितीत: विकलेला कॉल महाग विकला गेला असेल आणि घेतलेला त्यामानाने स्वस्त मिळाला असेल. ग्राहकाला ऑप्शन विकून त्यावर फरक कमावणाऱ्यांचं काम असंच चालतं. बाकीच्यांना पूर्ण हेज सहसा परवडत नाही.

म्हणून माझा कल अर्ध्या हेजकडे. ५८३ कॉल घ्या. शेअर हवेत ५३० वजा १६८, म्हणजे ३६२. पाचाच्या हालचालीचा तोटा १५० ते १८० च्या घरात येतो आणि रोजचा थीटाही साधारण निम्मा, २३-२४ इतका, हाती राहतो. किती टक्के झाकायचं हे सूत्र सांगत नाही. एका रात्रीत किती गेले तरी चालतील हे आधी ठरवायचं, आणि त्या आकड्यावरून मागे येऊन n काढायचा. कागदावर ११६७ आले तरी बाजारात ऑप्शन ठरावीक संख्येच्या पटीतच मिळतात. ती पट १०० असेल तर १२०० घ्यावे लागतील, आणि मग शेअर १९४ नाही, १८५. n बदलला की शेअरचा आकडा पुन्हा काढायचा, हे धांदलीत राहून जातं.

गॅमा आणि डेल्टा दोन्ही शून्य असताना तोटा होऊ शकतो का? होतो, आणि तो कसा ओळखायचा हे माहीत हवं. शेअर दिवसभर हलला नाही, तरी संध्याकाळी नुकसान दिसतंय, असं झालं की बाजाराने लावलेली अस्थिरता वाढलेली असते. आपल्या १००० कॉलची किंमत अस्थिरतेच्या दर टक्क्यामागे साधारण १९९ ने बदलते. याला व्हेगा म्हणतात. ३० ची ३५ झाली की जवळपास हजार गेले, शेअर जागचा न हलता. वरच्या उदाहरणात दोन्ही कॉल एकाच मुदतीचे आहेत, त्यामुळे दोन्हींची अस्थिरता एकसारखी बदलली तर व्हेगाही आपोआप कटतो. पण गॅमा स्वस्तात भरावा म्हणून एक महिना मुदतीचा १०० स्ट्राइकचा कॉल घेतलात तर? त्याचा गॅमा ०.०४६ आहे, म्हणून फक्त ५७६ पुरतात आणि शेअर हवेत २३२. दिसायला छान. पण त्या ५७६ चा व्हेगा फक्त ६६ च्या आसपास. १९९ पैकी १३३ उघडाच राहिला. आणि महिन्याने ते कॉल संपले की गॅमाही पुन्हा उघडा.

रोज संध्याकाळी एक छोटा हिशेब मांडायची सवय असावी. थीटाचे किती यायला हवे होते, गॅमाचे किती जायला हवे होते, अस्थिरता किती बदलली आणि व्हेगाने त्याचे किती. या तिन्हींची बेरीज प्रत्यक्ष नफ्या-तोट्याशी साधारण जुळली पाहिजे. सतत जुळत नसेल तर डेल्टा चुकीच्या अस्थिरतेने काढला जातोय किंवा कुठेतरी चिन्ह उलटं पडलंय. चिन्हाची चूक पटकन लक्षात येते: हेज केल्यावर शेअर चढताच तोटा हेज नसतानापेक्षा साधारण दीडपट दिसतो, कारण घ्यायचे ते शेअर कोणीतरी विकलेले असतात.

शेअरचा हिशेब किती वेळाने करायचा यावर बरंच लिहिलं गेलंय. १९८५ मध्ये हेन लेलँड यांनी दलाली आणि भावातला फरक धरून अस्थिरताच थोडी फुगवून घ्यायचं सूत्र मांडलं. प्रत्यक्षात बरेच जण पट्टा ठरवतात: हव्या असलेल्या आणि हातातल्या शेअरमधला फरक, समजा, ५० च्या वर गेला तरच हात लावायचा. गॅमा जास्त असेल तेव्हा पट्टा रुंद ठेवावा लागतो, नाहीतर सगळा नफा दलालीत जातो.

आणि गॅमा सगळ्यात जास्त असतो तो मुदत संपत आली असताना, शेअर स्ट्राइकला चिकटून बसलेला असेल तर. आपलं ११० कॉलचं हेज इथे साथ सोडतं. एक महिना उरला आणि शेअर १०० वरच असेल, तर विकलेल्या कॉलचा गॅमा ०.०४६ झालेला असतो आणि ११० चा फक्त ०.०२६. सुरुवातीला पुरलेले ११६७ कॉल आता गॅमाचा दोन-तृतीयांश भागच झाकतात. पूर्ण झाकायला १७४७ लागतील. तेवढ्यातच शेअर ठेवायचे १९४ वरून ३४८ झालेले असतात, शेअर जराही न हलता. शेवटच्या एका दिवशी तर ११० चा कॉल जवळजवळ मेलेला असतो, गॅमा शून्याच्या आसपास, आणि १०० च्या कॉलचा गॅमा ०.२१, म्हणजे सुरुवातीच्या आठपट. त्या दिवशी शेअर ९९ वर असेल तर ३०१ शेअर हवेत आणि १०१ वर असेल तर ७०४. दोनाच्या हालचालीत चारशे शेअर, तेही दर तासाला उलटसुलट. म्हणून जाणती माणसं तिथपर्यंत जातच नाहीत. शेवटच्या एक-दोन दिवसांत स्ट्राइकजवळ अडकलेला कॉल बाजारातून परत विकत घेतात, त्या दिवसांचा थीटा सोडून देतात, आणि हेजसाठी ठेवलेले शेअर त्याच वेळी विकून टाकतात.